समाश्रयणातील प्रभावी निरीक्षणे

प्रभावी निरीक्षण म्हणजे समाश्रयण विश्लेषणात, म्हणजेच रिग्रेशनमध्ये, असे निरीक्षण की जे सामग्रीतून वगळले असता काढलेल्या समीकरणात लक्षणीय बदल होतो. समाश्रयण रेषा साधारणपणे किमान वर्ग पद्धतीने काढली जाते. या पद्धतीत प्रत्येक निरीक्षणाला मत असते, पण सर्वांच्या मतांचे वजन सारखे नसते. काही वेळा वीस निरीक्षणे एका बाजूला आणि एकटे निरीक्षण दुसऱ्या बाजूला असूनही रेषेची दिशा ते एकटे निरीक्षणच ठरवते. असे निरीक्षण ओळखण्यासाठी लिव्हरेज, स्टूडेंटाइज्ड अवशेष आणि कुकचे अंतर ही तीन मापे प्रामुख्याने वापरतात. निरीक्षण प्रभावी आहे हे ही मापे दाखवतात, परंतु ते वगळावे की नाही याचे उत्तर त्यांच्यात नसते.

## दोन वेगळ्या कल्पना

निरीक्षणाचे वेगळेपण दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात निरीक्षणाचे स्वतंत्र चलाचे मूल्य x इतरांपासून दूर असते. दुसऱ्या प्रकारात x सर्वसाधारण असते, पण अवलंबी चलाचे मूल्य y रेषेने वर्तवलेल्या मूल्यापासून दूर पडते. पहिल्या प्रकारचे वेगळेपण लिव्हरेजने मोजतात आणि दुसऱ्या प्रकारचे अवशेषाने. प्रभाव या दोहोंच्या संयोगातून निर्माण होतो. x दूर असलेले निरीक्षण उरलेल्या निरीक्षणांनी सुचवलेल्या रेषेवरच असेल, तर ते रेषा हलवत नाही, उलट तिला आधार देते. अवशेष मोठा असलेले निरीक्षण x च्या सरासरीजवळ असेल, तर ते रेषेला थोडे वर किंवा खाली सरकवते, पण तिचा चढ फारसा बदलत नाही.

## उदाहरण: पहिला शब्द आणि गेझेल गुणांक

मिकी, डन आणि क्लार्क यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली २१ बालकांची सामग्री या विषयाच्या अध्यापनात वारंवार वापरली जाते. तिच्यात x म्हणजे बालकाने पहिला शब्द उच्चारला तेव्हाचे त्याचे वय, महिन्यांत. आणि y म्हणजे पुढे घेतलेल्या गेझेल चाचणीतील त्याचे गुण. उशिरा बोलणाऱ्या बालकांचे गुण कमी असतात का, हा प्रश्न आहे. सामग्री आणि आवश्यक आज्ञा आर या संगणकीय भाषेत पुढीलप्रमाणे लिहिता येतात.

```r
age   <- c(15,26,10,9,15,20,18,11,8,20,7,
           9,10,11,11,10,12,42,17,11,10)
score <- c(95,71,83,91,102,87,93,100,104,94,113,
           96,83,84,102,100,105,57,121,86,100)
m <- lm(score ~ age)
hatvalues(m)
rstudent(m)
cooks.distance(m)
```

सर्व २१ निरीक्षणांवरून मिळणारे समीकरण असे आहे:

y = 109.87 − 1.127x

म्हणजे पहिला शब्द एक महिना उशिरा आला, तर गुण सरासरीने १.१३ने कमी दिसतात. चढाची प्रमाण त्रुटी ०.३१ आहे, त्यामुळे चढ शून्यापासून तिच्या साडेतीन पटींहून अधिक अंतरावर पडतो. निर्धारण गुणांक, म्हणजे R², ०.४१ आहे. केवळ हे आकडे पाहिले, तर उशिरा बोलणे आणि कमी गुण यांचा संबंध पक्का वाटतो. आलेख काढल्यावर मात्र दोन बिंदू नजरेत भरतात. १८ क्रमांकाच्या बालकाने पहिला शब्द ४२व्या महिन्यात उच्चारला असून त्याचे गुण ५७ आहेत. १९ क्रमांकाच्या बालकाने तो १७व्या महिन्यात उच्चारला आणि त्याचे गुण १२१ आहेत, म्हणजे सर्वांत जास्त.

## लिव्हरेज

एकच स्वतंत्र चल असलेल्या समाश्रयणात i क्रमांकाच्या निरीक्षणाचे लिव्हरेज असे काढतात:

h = 1/n + (x − x̄)² / Σ(x − x̄)²

या सूत्रात y कुठेही नाही. लिव्हरेज केवळ x च्या मांडणीवरून ठरते, म्हणून गुण पाहण्याआधीही ते काढता येते. हे नाव तरफेवरून आले आहे. टेकूपासून जितक्या दूर जोर लावावा, तितकी तरफ सहज फिरते. येथे टेकू म्हणजे x ची सरासरी.

या सामग्रीत x ची सरासरी १४.३८ महिने असून सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १२६२.९५ आहे. १८ क्रमांकाचे बालक सरासरीपासून २७.६२ महिने दूर आहे. म्हणून त्याचे लिव्हरेज १/२१ अधिक ७६२.८/१२६२.९५, म्हणजे ०.६५२ येते. या संख्येचा अर्थ सरळ आहे. ४२ महिन्यांच्या ठिकाणी रेषेची उंची ठरवताना या बालकाच्या स्वतःच्या गुणांना ६५ टक्के वजन मिळते आणि उरलेल्या वीस बालकांना मिळून ३५ टक्के. त्याचे गुण १०ने जास्त असते, तर त्या ठिकाणी रेषा साडेसहाने वर गेली असती.

सर्व निरीक्षणांच्या लिव्हरेजची बेरीज समीकरणातील अंदाजित गुणकांच्या संख्येइतकी असते. येथे स्थिर पद आणि चढ असे दोन गुणक आहेत, म्हणून सरासरी लिव्हरेज २/२१, म्हणजे ०.०९५ आहे. होग्लिन आणि वेल्श यांनी १९७८ मध्ये सुचवलेल्या संकेतानुसार सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त लिव्हरेज असलेल्या निरीक्षणांकडे लक्ष द्यावे. येथे ही मर्यादा ०.१९ आहे आणि ती फक्त १८ क्रमांकाचे बालक ओलांडते. २६ महिन्यांचे २ क्रमांकाचे बालक ०.१५५वर, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. १९ क्रमांकाच्या बालकाचे लिव्हरेज अवघे ०.०५३ आहे.

## स्टूडेंटाइज्ड अवशेष

अवशेष म्हणजे प्रत्यक्ष y आणि रेषेने वर्तवलेले y यांतील फरक. नुसते अवशेष पाहून संशयास्पद निरीक्षण शोधणे फसवे ठरते. १८ क्रमांकाच्या बालकाचा अवशेष केवळ −५.५ आहे, तर दहाव्या महिन्यात बोललेल्या ३ क्रमांकाच्या सर्वसाधारण बालकाचा −१५.६ आहे. जास्त लिव्हरेज असलेला बिंदू रेषेला स्वतःकडे ओढून घेतो आणि मग रेषेजवळ असल्याचे दिसतो. गणिताच्या भाषेत, अवशेषाचे प्रचरण σ²(1 − h) इतके असते. H जितके मोठे, तितका अवशेष लहान राहण्याकडे कल असतो.

यावर पहिला उपाय म्हणून प्रत्येक अवशेषाला त्याच्या स्वतःच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे s√(1 − h) ने भागतात. येथे s हे अवशेषांचे प्रमाण विचलन असून या सामग्रीत ते ११.०२ आहे. या भागाकाराला आंतरिक स्टूडेंटाइज्ड अवशेष म्हणतात. त्यात एक उणीव राहते. संशयित निरीक्षणाचा अवशेष फार मोठा असेल, तर तो s लाही फुगवतो आणि फुगलेल्या मापाने मोजल्यामुळे स्वतः लहान दिसतो. म्हणून ते निरीक्षण वगळून s पुन्हा काढतात आणि त्या s ने भागतात. हा बाह्य स्टूडेंटाइज्ड अवशेष होय. वरील आज्ञांपैकी `rstudent` हाच देते.

१९ क्रमांकाच्या बालकाचा अवशेष ३०.३ आहे. त्याचा आंतरिक स्टूडेंटाइज्ड अवशेष २.८२ येतो आणि बाह्य ३.६१. गृहीतके खरी असतील, तर बाह्य अवशेष t वितरण पाळतो. येथे मुक्तता मात्रा १८ आहेत. ३.६१ किंवा त्याहून दूरचे मूल्य दोन्ही बाजू धरून सुमारे ०.००२ संभाव्यतेने मिळते. परंतु २१ अवशेषांतून सर्वांत मोठा निवडून ही संभाव्यता काढली असल्याने तिला २१ने गुणणे आवश्यक असते. या बॉनफेरोनी दुरुस्तीनंतर ती ०.०४२ होते. निरीक्षण असाधारण आहे, पण सकृद्दर्शनी वाटले तितके नाही. ही दुरुस्ती न करता २च्या पुढचा प्रत्येक अवशेष बाद ठरवणे ही नेहमीची चूक आहे. निर्दोष सामग्रीतही वीसपैकी एखादा अवशेष २च्या पुढे जातोच.

१८ क्रमांकाच्या बालकाचा बाह्य स्टूडेंटाइज्ड अवशेष केवळ −०.८५ आहे. या मापाने ते पूर्णपणे सामान्य ठरते.

## कुकचे अंतर

लिव्हरेज आणि अवशेष यांना एकत्र आणणारे माप आर. डेनिस कुक यांनी १९७७ मध्ये मांडले. एक निरीक्षण वगळल्याने रेषेने वर्तवलेली सर्व मूल्ये मिळून किती हलतात, हे त्यातून कळते. आंतरिक स्टूडेंटाइज्ड अवशेष r आणि गुणकांची संख्या p असेल, तर

D = (r² / p) · h / (1 − h)

| बालक | x | y | लिव्हरेज | बाह्य स्टूडेंटाइज्ड अवशेष | कुकचे अंतर |
|---|---|---|---|---|---|
| २ | २६ | ७१ | ०.१५५ | −०.९४ | ०.०८ |
| १८ | ४२ | ५७ | ०.६५२ | −०.८५ | ०.६८ |
| १९ | १७ | १२१ | ०.०५३ | ३.६१ | ०.२२ |

अवशेष किरकोळ असूनही १८ क्रमांकाचे बालक सर्वांत प्रभावी ठरते. कुकच्या अंतरासाठी १ किंवा 4/n अशा मर्यादा प्रचलित आहेत. पहिलीनुसार येथे कोणीच सापडत नाही, दुसरीनुसार १८ आणि १९ ही दोन्ही बालके सापडतात. या मर्यादा सार्थकता कसोट्या नव्हेत. इतरांपेक्षा स्पष्टपणे वेगळे पडलेले मूल्य शोधणे आणि त्याचा परिणाम प्रत्यक्ष तपासणे अधिक विश्वसनीय असते.

## वगळून पाहिल्यावर

परिणाम तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे निरीक्षण तात्पुरते बाजूला ठेवून रेषा पुन्हा काढणे.

| वगळलेले बालक | चढ | चढाची प्रमाण त्रुटी | R² |
|---|---|---|---|
| कोणीही नाही | −१.१३ | ०.३१ | ०.४१ |
| १९ | −१.१९ | ०.२४ | ०.५७ |
| १८ | −०.७८ | ०.५२ | ०.११ |
| १८ आणि २ | −०.०९ | ०.६२ | ०.००१ |

१९ क्रमांकाचे बालक वगळल्याने चढ जवळपास तोच राहतो. १८ क्रमांकाचे वगळल्यावर तो जवळपास एकतृतीयांशाने घटतो, प्रमाण त्रुटी वाढते आणि चढ शून्यापासून वेगळा असल्याचा पुरावा दुर्बल होतो.

शेवटची ओळ अधिक विचार करायला लावणारी आहे. मूळ सामग्रीत २ क्रमांकाचे बालक निरुपद्रवी दिसत होते. त्याचे कुकचे अंतर ०.०८ होते. १८ क्रमांकाचे बालक वगळून हीच मापे पुन्हा काढली, तर २ क्रमांकाचे लिव्हरेज ०.४१६ आणि कुकचे अंतर १.०२ होते. याला झाकले जाणे किंवा मास्किंग म्हणतात: एक टोकाचे निरीक्षण दुसऱ्याला आडोसा देते. एकेक निरीक्षण वगळणारी मापे असा जोडीचा प्रभाव दाखवू शकत नाहीत. म्हणून सर्वांत प्रभावी निरीक्षण वगळल्यानंतर मापे पुन्हा काढून पाहणे आवश्यक असते. ही दोन बालके सोडली, तर उरलेल्या १९ बालकांमध्ये वय आणि गुण यांचा संबंध जवळजवळ दिसत नाही.

## वगळावे की ठेवावे

वगळण्याचे कारण निरीक्षणाच्या उगमात शोधावे लागते, त्याने केलेल्या परिणामात नव्हे. निर्णय साधारणपणे पुढील प्रश्नांच्या क्रमाने घेतला जातो.

नोंद बरोबर आहे का? प्रथम मूळ नोंदवही किंवा प्रश्नावली पाहावी. ४२ हा आकडा २४ किंवा १२ असा लिहायचा होता असे मूळ कागदावरून सिद्ध झाले, तर तो दुरुस्त करावा. योग्य आकडा मिळू शकत नसेल आणि चूक निश्चित असेल, तर निरीक्षण वगळावे. आकडा विचित्र वाटतो एवढ्यावरून मात्र चूक सिद्ध होत नाही.

निरीक्षण अभ्यासाच्या समूहातील आहे का? अभ्यास सामान्य श्रवणशक्ती असलेल्या बालकांचा असेल आणि एखाद्या बालकाला ऐकू येत नसल्याचे उघड झाले, तर ते वगळणे योग्य होय. तोच निकष सर्व बालकांना लावला पाहिजे. केवळ गैरसोयीच्या बालकाची अपात्रता शोधणे आणि इतरांची न शोधणे हा पक्षपात ठरतो.

प्रतिमान योग्य आहे का? बिंदू रेषेत बसत नाही याचा अर्थ कधी कधी संबंध सरळ रेषेचा नाही, असा असतो. वक्र संबंध, y चे लॉगरिदमसारखे रूपांतर किंवा सुटून गेलेले एखादे चल यांचा विचार निरीक्षण वगळण्याआधी करावा.

निष्कर्ष कोणत्या टापूसाठी हवा आहे? येथे १९ बालकांचे x ७ ते २० महिन्यांच्या दरम्यान आहे. २६ आणि ४२ महिन्यांना एकेकच बालक असल्याने त्या टापूबद्दल सामग्री फारसे सांगू शकत नाही. अभ्यास २० महिन्यांपर्यंतच्या वयापुरता मर्यादित करणे समर्थनीय आहे, कारण ही मर्यादा x वर आधारलेली असून गुणांवर नाही. मग निष्कर्षही त्याच मर्यादेत सांगावा लागतो. गुण पाहून बालके वगळणे मात्र निष्कर्षाला आधीच ठरलेल्या दिशेला नेते.

या कसोट्यांवर १९ क्रमांकाचे बालक वगळण्याचा मोह विशेष धोक्याचा आहे. ते वगळल्यास R² ०.४१वरून ०.५७वर जातो, अवशेषांचे प्रमाण विचलन ११.०वरून ८.६वर येते आणि समीकरण अधिक अचूक भासते. ही अचूकता मिळवलेली नसून दाखवलेली असते. अनपेक्षितपणे जास्त गुण मिळवणारी बालके समाजात असतील, तर त्यांना वगळून काढलेली भाकिते पुढच्या बालकांच्या बाबतीत सांगितलेल्या मर्यादांबाहेर जातील. नोंदीतील चूक सापडत नाही तोवर हे बालक ठेवणेच योग्य.

१८ क्रमांकाच्या बालकाबाबतही प्रसिद्ध आकड्यांवरून वगळण्याचे कारण मिळत नाही. ते वगळले तरी अडचण आहे आणि ठेवले तरी आहे. अशा वेळी दोन्ही निकाल शेजारी शेजारी देतात: सर्व बालके धरून चढ −१.१३, १८ वगळून −०.७८, १८ व २ वगळून −०.०९. उशिरा बोलणे आणि कमी गुण यांचा दिसणारा संबंध मुख्यतः दोन बालकांवर उभा आहे, हा या सामग्रीचा प्रामाणिक निष्कर्ष होय. वाचकाच्या दृष्टीने तो एकट्या चढापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण त्यावरून पुढची सामग्री कोठून गोळा करावी हे कळते: २० ते ४० महिन्यांच्या दरम्यान पहिला शब्द उच्चारणारी आणखी बालके हवीत.

## मर्यादा

निरीक्षणे वगळल्यानंतर काढलेल्या प्रमाण त्रुटी आणि सार्थकता पातळ्या वगळण्याचा निर्णय जणू झालाच नाही असे धरून काढल्या जातात, म्हणून त्या वाजवीपेक्षा आशादायी असतात. वगळण्याचे निकष सामग्री पाहण्याआधी लिहून ठेवल्यास हा दोष बराच कमी होतो. वगळा, पुन्हा मापे काढा, पुन्हा वगळा, अशी साखळी चालू ठेवल्यास मात्र प्रत्येक फेरीत नवे टोकाचे निरीक्षण सापडत जाते आणि सामग्री झिजत राहते.

बाधक निरीक्षणांना आपोआप कमी वजन देणाऱ्या दृढ समाश्रयण पद्धतींनीही हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. ह्यूबरची पद्धत मोठ्या अवशेषांचे वजन कमी करते. पण ज्याने रेषा स्वतःकडे ओढून आपला अवशेष लहान ठेवला आहे, अशा जास्त लिव्हरेजच्या बिंदूपासून ती संरक्षण देत नाही. पीटर रुसो यांनी १९८४ मध्ये मांडलेली अवशेषांच्या वर्गांचा मध्यक किमान करणारी पद्धत अशा बिंदूंनाही दाद देत नाही. तरीही दृढ रेषा आणि नेहमीची रेषा यांत मोठा फरक पडला, तर तो फरक कोणत्या निरीक्षणांमुळे पडला हे शोधून मूळ नोंदीकडे परत जावेच लागते.